एका पावतीच्या तीन ओळी

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव होतो. समजा, तिथल्या एका व्यापाऱ्याने बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून महिन्याची सीएसव्ही फाइल काढली. तिच्यातल्या या सहा ओळी बघा.

```
पावती,मासळी,किलो,बिल,जमा
1187,सुरमई,40,24000,10000
1187,सुरमई,40,24000,14000
1188,बांगडा,90,13500,13500
1189,पापलेट,12,14400,4400
1189,पापलेट,12,14400,5000
1189,पापलेट,12,14400,5000
```

बिलांची बेरीज येते 1,04,700 रुपये. खरी विक्री आहे 51,900. पावत्या तीनच, पण गिऱ्हाइकाने पैसे हप्त्याने दिले की सॉफ्टवेअर प्रत्येक हप्त्यासाठी वेगळी ओळ काढतं आणि पावतीचं पूर्ण बिल दर ओळीत पुन्हा छापतं. एकही आकडा चुकीचा नाही. चूक बेरीज करण्यात आहे.

गडबड ओळखायची खूण म्हणजे दर. या फाइलीवरून सरासरी किलोला 508 रुपये निघते, प्रत्यक्षात 365. महागडी मासळी हप्त्याने गेली, बांगडा रोखीत. म्हणून फुगवटाही महाग मालाकडेच झुकला. नुसती बेरीज पाहून हे कळत नाही, कारण धंदा बरा झाला असंच वाटतं.

इथे बहुतेकांचा हात एक्सेलच्या Remove Duplicates कडे जातो. तेच टाळायचं. 1187 च्या दोन ओळींत जमा रक्कम वेगळी आहे, त्यामुळे त्या तशाच राहतात. 1189 च्या शेवटच्या दोन ओळी मात्र हुबेहूब आहेत, म्हणून त्यातली एक उडते. पण ते पाच-पाच हजारांचे दोन खरे हप्ते होते! बिलांची बेरीज अजून 90,300, म्हणजे चुकीचीच, आणि जमा 51,900 वरून 46,900 वर आली. पूर्ण पैसे चुकवलेल्या माणसाच्या नावावर पाच हजारांची उधारी दिसू लागली.

ओळी पुसू नका, त्यांना नंबर द्या. F2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=COUNTIF(A$2:A2,A2)
```

पावती पहिल्यांदा आली की 1, मग 2, 3. आता बिलाची बेरीज फक्त 1 नंबरच्या ओळींची करायची:

```
=SUMIF(F2:F7,1,D2:D7)
```

उत्तर 51,900. D च्या जागी C घातलात की वजन 142 किलो. आधी ते 206 दिसत होतं. पावत्यांची संख्या म्हणजे F मधले 1 मोजायचे. जमेचा रकाना मात्र सगळ्या ओळींसकट बेरजेला घ्यायचा, कारण तिथे प्रत्येक ओळ वेगळा व्यवहार आहे. बिल वजा जमा म्हणजे येणं. इथे ते शून्य निघतं, म्हणजे हिशोब जुळला.

ही युक्ती एका पावतीवर एकच मासळी असेल तोवरच चालते. त्याच पावतीवर सुरमईसोबत कोळंबी असेल आणि रक्कम मासळीनुसार वेगळी छापलेली असेल, तर कोळंबीच्या ओळीला 2 नंबर पडून तिचे पैसे गळतील. तेव्हा पावती आणि मासळी दोन्ही मिळून मोजा:

```
=COUNTIFS(A$2:A2,A2,B$2:B2,B2)
```

पावसाळी बंदी 31 जुलैला संपली की काही जण नवं पावती पुस्तक पुन्हा 1 पासून सुरू करतात. दोन हंगाम एकाच फाइलीत असतील तर पावतीची तारीखही त्यात घ्या. पैसे भरल्याची तारीख घेतलीत तर प्रत्येक हप्ता पुन्हा नवी पावती ठरेल.