गुडघ्याचे अंशतः आणि संपूर्ण सांधारोपण

झिजलेल्या गुडघ्यातील हाडांचे पृष्ठभाग काढून तेथे धातू व पॉलिएथिलीन यांचे कृत्रिम भाग बसविण्याच्या दोन शस्त्रक्रिया. गुडघ्यात आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा असे तीन कप्पे असतात. संपूर्ण सांधारोपणात मांडीच्या व नडगीच्या हाडांची टोके दोन्ही बाजूंनी छाटून झाकली जातात आणि वाटीचा पृष्ठभाग शल्यचिकित्सकाच्या पसंतीनुसार बदलतात किंवा तसाच ठेवतात. अंशतः रोपणात एकच कप्पा, बहुधा आतला, बदलला जातो. महत्त्वाचा फरक असा की, संपूर्ण रोपणात ‘एसीएल’ म्हणून परिचित असलेला पुढचा अस्थिबंध जवळजवळ नेहमीच काढला जातो. अंशतः रोपणात तो राखला जातो व शस्त्रक्रियेनंतरची सारी हालचाल त्याच्यावरच अवलंबून असते.

अंशतः रोपणाचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकवाक्यता नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेत मॅककीव्हर व कॅनडात मॅकिंटॉश यांनी नडगीच्या एका बाजूवर बसणाऱ्या चकत्या वापरल्या. पण मांडीच्या हाडाला त्यांत जोड नव्हता. ही चकती म्हणजे सांधारोपण नव्हे असे मानल्यास आरंभ 1960 च्या दशकाच्या अखेरीस, गन्स्टन यांची इंग्लंडमधील रचना व हँबर्गची ‘सेंट गेऑर्ग स्लेज’ यांच्या सुमारास येतो. 1970 च्या दशकाच्या प्रारंभी मार्मोर यांनी सुटे भाग जोडता येणारी रचना आणली. आरंभ 1960 च्या दशकाअखेर धरण्याची दुसरी मांडणी अधिक सयुक्तिक वाटते. ऑक्सफर्डचे शल्यचिकित्सक गुडफेलो व अभियंते ओकॉनर यांनी 1970 च्या दशकाच्या मध्यास सरकते बेअरिंग, म्हणजे धातूच्या दोन भागांमध्ये हलू शकणारी पॉलिएथिलीनची चकती, तयार केले. आधी ते दोन्ही कप्प्यांत वापरले जाई. केवळ आतल्या कप्प्यासाठी त्याचा वापर 1982 पासूनचा. संपूर्ण रोपणाच्या आधुनिक घाटाचा उगम साधारणपणे 1974 च्या ‘टोटल कॉन्डिलर’ रचनेत मानतात. न्यूयॉर्कमधील इन्सॉल, वॉकर व भारतात जन्मलेले चित्तरंजन राणावत ही तिच्याशी निगडित नावे.

रुग्णनिवड : येथे दोन पंथ आहेत. कोझिन व स्कॉट यांनी 1989 मध्ये घातलेल्या अटी दीर्घकाळ प्रमाण मानल्या गेल्या : वय साठीपुढे, वजन 82 किग्रॅ.पेक्षा कमी, कष्टाचे काम नको, वाटीमागे झीज नको. ऑक्सफर्ड गटाने मात्र वय व वजन बाजूला ठेवून झिजेचा आकार पाहिला. 1991 मध्ये या गटाने एसीएल शाबूत असलेल्या गुडघ्यांतील झीज वर्णन केली. नडगीच्या वरच्या सपाट टोकाच्या, म्हणजे पठाराच्या, आतल्या भागावरची कूर्चा पुढे व मध्ये नाहीशी होते, मागे मात्र टिकते. त्यामुळे पाय सरळ असताना गुडघा बाहेर वाकतो. पण पाय दुमडताच मांडीचे हाड मागच्या शाबूत कूर्चेवर येते, आतला बाजूचा अस्थिबंध पूर्ण ताणला जातो आणि तो आखडत नाही. एसीएल तुटल्यावर हे गणित बिघडते. झीज मागे सरकते, पाय दुमडूनही वाक जात नाही व अस्थिबंध कायमचा आखूड होतो. अशा गुडघ्याला संपूर्ण रोपणच योग्य.

म्हणून निवडीतील निर्णायक पुरावा क्ष-किरण चित्रांत मिळतो. उभे राहून काढलेल्या चित्रात आतल्या बाजूस हाडावर हाड टेकलेले दिसावे. बाजूने काढलेल्या चित्रात झिजेचा खळगा पठाराच्या मागच्या कडेपर्यंत पोहोचलेला नसावा. गुडघा सुमारे 20 अंश दुमडून, पायाला बाहेरच्या दिशेने रेटा देऊन काढलेल्या चित्रात वाक सरळ व्हावा आणि बाहेरच्या कप्प्यातील फट पूर्ण जाडीची राहावी. आत कूर्चा थोडी शिल्लक असताना केलेल्या अंशतः रोपणाचे निकाल निराशाजनक असतात, कारण तेव्हा वेदनेचे मूळ बहुधा अन्यत्र असते. ऑक्सफर्ड गटाने 2011 मध्ये 1,000 गुडघ्यांचा आढावा घेतला. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जुन्या अटींत न बसणारे होते, तरी त्यांचे निकाल उणे ठरले नाहीत. हा आढावा तंत्राच्या जनकांचाच आहे हे लक्षात ठेवूनही, झिजेवर आधारलेली निवड शरीररचनेशी अधिक सुसंगत दिसते. संधिवाताभ (रूमेटॉइड) विकारात अंशतः रोपण करू नये याविषयी दुमत नाही.

पायाची रेषा : संपूर्ण रोपणाच्या रूढ पद्धतीत खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंतची रेषा गुडघ्याच्या मध्यातून जावी अशी छाटणी करतात. परंतु नैसर्गिक नडगीचे पठार आतल्या बाजूस सुमारे 3 अंश कललेले असते. बेलेमान्स व सहकाऱ्यांना 2012 मध्ये निरोगी तरुणांतील 32 टक्के पुरुषांत व 17 टक्के स्त्रियांत 3 अंश वा अधिक उपजत वाक आढळला. त्यांचा पाय सरळ रेषेत आणणे म्हणजे नवा आकार देणेच होय. मेयो क्लिनिकच्या 2010 च्या अभ्यासात सरळ रेषेपासून 3 अंशांच्या मर्यादेत बसलेले गुडघे 15 वर्षांनंतर इतरांहून अधिक टिकल्याचे दिसले नाही. यातून मूळ आकार जपणाऱ्या ‘कायनेमॅटिक’ पद्धतीला बळ मिळाले. तिचे दीर्घ मुदतीचे निष्कर्ष अजून तोकडे आहेत.

अंशतः रोपणात हा वाद मिटल्यात जमा आहे : अस्थिबंध सैल करायचा नाही, केवळ झिजलेली जाडी भरून काढायची. 62 वर्षांची, 85 किग्रॅ. वजनाची, 8 अंश वाक असलेली एक नमुनादाखल स्त्री घेऊ. वजनामुळे जुन्या अटींत ती बसत नाही. रेट्याच्या चित्रात मात्र वाक सरळ होतो. सरकत्या बेअरिंगच्या पद्धतीत नडगी छाटून, मांडीच्या हाडाची पहिली घासणी झाल्यावर दुमडलेल्या गुडघ्यातील फट 4 मिमी. भरली आणि 20 अंशांवर 1 मिमी. भरली, तर मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरून आणखी 3 मिमी. हाड घासतात. दोन्ही फटी 4 मिमी. झाल्या की त्या जाडीचे बेअरिंग बसते. पायात 2–3 अंश वाक उरला तर तो तसाच ठेवतात. तो घालवण्यासाठी जाड बेअरिंग कोंबल्यास भार बाहेरच्या कप्प्यावर जाऊन तेथील कूर्चा झिजू लागते. नडगीच्या छेदाचा मागचा उतार फार झाल्यास एसीएलवर ताण येतो. उभा छेद खोल गेल्यास पठाराला तडा जाण्याची भीती असते.

पुनर्शस्त्रक्रिया : ब्रिटनच्या सांधारोपणांच्या राष्ट्रीय नोंदवहीतील एक लाखावर जुळवलेल्या रुग्णांच्या 2014 च्या तुलनेत, आठ वर्षांत अंशतः रोपणाच्या पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण संपूर्ण रोपणाच्या सुमारे दुप्पट आढळले. मृत्यू व गंभीर गुंतागुंती मात्र अंशतः रोपणात कमी होत्या. वेगवेगळ्या नोंदवह्यांवर आधारलेल्या 2019 च्या अंदाजानुसार 25 वर्षांनी संपूर्ण रोपणांपैकी सुमारे 82 टक्के व अंशतः रोपणांपैकी सुमारे 70 टक्के टिकतात. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘टॉपकॅट’ या 528 रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत पाच वर्षांनी कार्यक्षमतेत फरक आढळला नाही.

दुप्पट प्रमाणाचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. दुखऱ्या अंशतः रोपणाचे संपूर्ण रोपणात रूपांतर करणे तुलनेने सोपे असल्याने ते लवकर केले जाते. तितकाच दुखणारा संपूर्ण रोपणाचा गुडघा शल्यचिकित्सक सहसा उघडत नाही. न्यूझीलंडच्या नोंदवहीतून गुडफेलो व सहकाऱ्यांनी 2010 मध्ये हेच दाखविले. सिमेंटने बसविलेल्या नडगीच्या भागाखाली 1–2 मिमी.ची, कडेला दाट हाडाची रेघ असलेली फिकट पट्टी दिसते. ती सहसा निरुपद्रवी असते; पण भाग सैल झाला असे समजून त्यासाठी गुडघा पुन्हा उघडल्याची उदाहरणे आहेत. खऱ्या सैलपणात पट्टी रुंदावत जाते, तिची कड अस्पष्ट असते आणि भाग जागेवरून हललेला दिसतो. रूपांतरात आतल्या बाजूचे हाड बरेच गेलेले आढळल्यास नडगीत दांडा व धातूचे पूरक ठोकळे घालावे लागतात. वर्षाकाठी मोजकीच अंशतः रोपणे करणाऱ्या शल्यचिकित्सकांचे निकाल लक्षणीयरीत्या वाईट असतात.

बाहेरच्या कप्प्याचे रोपण विरळा केले जाते. तेथील अस्थिबंध दुमडल्यावर सैल पडत असल्याने सरकते बेअरिंग निसटण्याचा धोका अधिक असतो, म्हणून पुष्कळजण तेथे स्थिर बेअरिंग वापरतात. भारतात राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम भागांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमच्या प्रमाणित संचासाठी ती करांव्यतिरिक्त 54,720 रुपये होती.