ब्रूडिंग (पिल्लांची कृत्रिम ऊब)

कोंबडीची पिल्ले आईविना वाढवताना त्यांच्या अंगावर पिसे येईपर्यंत त्यांना बाहेरून ऊब देण्याची पद्धत. ऊब देणाऱ्या साधनाला ब्रूडर, त्याच्या छत्रीला हॉव्हर आणि पिल्ले उबेजवळच राहावीत म्हणून भोवती उभ्या केलेल्या पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या कड्याला चिकगार्ड म्हणतात. या नोंदीत पहिल्या दोन आठवड्यांचाच विचार केला आहे.

पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. ईजिप्तमध्ये अंडी उकिरड्याच्या उबेत पुरून उबवत असल्याचा उल्लेख ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक लेखनात (इ.स.पू. चौथे शतक) आढळतो. तो तेथील अंडी उबवण्याच्या भट्ट्यांचा पुरावा मानावा, असे काहींचे मत आहे. मात्र मूळ उल्लेख उकिरड्याचा असल्याने भट्ट्यांचा काळ त्यावरून ठरवणे धाडसाचे वाटते. शिवाय अंडी उबवणे वेगळे आणि निघालेली पिल्ले जगवणे वेगळे. जुने उल्लेख बहुधा पहिल्याच गोष्टीचे आहेत. पिल्लांसाठीच्या साधनाचे तपशीलवार वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांच्या १७४९ च्या ग्रंथात मिळते. तापमापनाची एक श्रेणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे रेओम्यूर. त्यांची ‘कृत्रिम आई’ म्हणजे आतून मेंढीचे लोकरीसकट कातडे लावलेली, उतरत्या छताची पेटी. पिल्ले आत शिरून लोकरीला पाठ टेकत. कोंबडीची ऊबही वरूनच, पाठीकडून येते. हॉव्हरची रचना त्याच तत्त्वावर आहे.

ऊब लागण्याचे कारण पिल्लाच्या शरीरात आहे. प्रौढ कोंबडीचे तापमान ४१ ते ४२° से. असते, नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे ४०° से. किंवा किंचित कमी. ते टिकवण्याची यंत्रणा तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तोपर्यंत भोवती गारवा असेल, तर पिल्लाचे अंगही गार पडते. पोटात ओढून घेतलेला अंड्याचा पिवळा बलक त्याला दोन-तीन दिवस पुरतो, म्हणूनच एका दिवसाच्या पिल्लांची लांबवर वाहतूक शक्य होते. मात्र खाणे-पाणी लवकर मिळाले, तर तो बलकही लवकर वापरला जातो आणि आतड्यांची वाढ वेगाने होते. गारठलेले पिल्लू खाद्याकडे जातच नाही, म्हणून तापमान आणि आहार हे प्रश्न वेगळे काढता येत नाहीत.

हॉव्हरच्या कडेला, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५° से. आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी, हा जुना नियम पाठ्यपुस्तकांत अजून दिसतो. फॅरनहाइटमधला ‘९५ आणि दर आठवड्याला ५ कमी’ हा सुटसुटीत आकडा सेल्सिअसमध्ये आणून तो तयार झाला. त्यात हवेच्या आर्द्रतेचा हिशेब नाही. कोरड्या हवेत (४० टक्के) पिल्लांना ३५-३६° लागतात, तर ६० टक्के आर्द्रतेत ३१° च्या आसपास पुरतात. त्यामुळे तापमापी आणि पिल्ले यांचे जमत नसेल, तर पिल्लांवर विश्वास ठेवणारा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. पिल्ले हॉव्हरखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करीत असतील, तर ऊब कमी आहे. चिकगार्डला टेकून पंख पसरून धापा टाकत असतील, तर ती जास्त आहे. सगळी एकाच बाजूला दाटली असतील, तर समोरून वाऱ्याची झुळूक येते आहे.

तापमान कोठे मोजले, यावर बरेच अवलंबून असते. समजा, २५० पिल्लांसाठी ३ मी. व्यासाचे चिकगार्ड आणि १.२ मी. व्यासाचे हॉव्हर मांडले. हॉव्हरखाली प्रत्येक पिल्लाला सुमारे ४५ चौ. सेंमी. जागा मिळते, ती पुरेशी आहे. माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगलेली तापमापी ३३° दाखवते. पण ऊब पिल्ले येण्याच्या तासभर आधी सुरू केल्यामुळे काँक्रीटची जमीन अजून गार आहे आणि तिच्यावर अंथरलेल्या तुसात खुपसलेली तापमापी २४° वरच आहे. पिल्लू त्या तुसावर पोट टेकून बसते. दुसऱ्या दिवशी ३० पिल्ले निरनिराळ्या जागांहून उचलून गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपली, तर २१ भरलेली आणि मऊ निघतात, म्हणजे ७० टक्के. चोवीस तासांनी हे प्रमाण ९५ टक्के असायला हवे. उरलेल्या नऊपैकी सहांची पिशवी रिकामी. त्यांचे पाय आपल्या गालाला लावले तर गार लागतात, म्हणजे ती खाद्यापर्यंत गेलीच नाहीत. तिघांची पिशवी भरलेली पण कडक, आत कोरडे दाणे हाताला लागतात. त्यांना पाणी सापडलेले नाही. उपायही दोन होतात. पाण्याची भांडी खाद्याशेजारी आणून वाढवणे हा लगेचचा. जमिनीचा गारवा मात्र लगेच जात नाही, तोवर ऊब वाढवून वारा अडवावा लागतो. पुढच्या खेपेला ब्रूडर निदान २४ तास आधी, थंडीत ४८ तास आधी, पेटवून तूस २८-३० अंशांवर आणलेले असावे.

जमिनीवर पसरलेल्या या ५ ते ७ सेंमी. जाडीच्या गादीला लिटर म्हणतात. भाताचे तूस, रंध्याने निघालेल्या लाकडाच्या साली, भुईमुगाची टरफले यांपैकी काहीही चालते. करवतीचा बारीक भुसा टाळतात, कारण पिल्ले तो खाद्य समजून टिपतात. बुरशी आलेल्या तुसामुळे फुप्फुसांचा ॲस्परजिलोसिस होतो. पिल्ले तोंड उघडून श्वास घेतात, पण गुदमरल्याचा घरघर आवाज सहसा नसतो. पहिले दोन-तीन दिवस लिटरवर कागद अंथरतात. तो गुळगुळीत असेल, तर पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात, म्हणून खडबडीत किंवा सुरकुतलेला कागद घ्यावा. ओल पाहण्यासाठी मूठभर लिटर दाबून सोडावे: गोळा तसाच राहिला तर ओले, मुळीच धरले नाही तर धुळीइतके कोरडे, किंचित धरून विस्कटले तर योग्य. बहुतेक ओल पाण्याच्या भांड्यांभोवतीच असते. तेवढाच भाग काढून कोरडे लिटर घालावे. तेथेच उबदार ओलीत कॉक्सिडिओसिस या आतड्यांच्या रोगाच्या जंतूंची बीजे पिकतात. रक्ताची विष्ठा मात्र बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दिसते.

आहाराबाबत, आधी फक्त पाणी द्यावे आणि काही तासांनी खाद्य, ही जुनी रीत. आता दोन्ही एकदम देण्याकडे कल आहे आणि तो पटण्याजोगा आहे. मात्र लांबच्या प्रवासाने सुकलेल्या पिल्लांना काही वेळ नुसते पाणी पाजणे अजूनही चुकीचे ठरत नाही. पाणी कोमट, साधारण २० ते २५° असावे. ब्रॉयलर पिल्लांच्या खाद्यात २२-२३ टक्के प्रथिने असतात. ते बारीक चुऱ्याच्या रूपात कागदावर आणि उथळ ताटल्यांत, थोडे थोडे पण दिवसातून अनेकदा घालतात. ताजे दाणे पडण्याचा आवाजही पिल्लांना ओढून आणतो.

चिकगार्ड तिसऱ्या दिवसापासून रुंदावत सात ते दहा दिवसांत काढून टाकतात. दुसऱ्या आठवड्यात ऊब ३२ वरून २९ अंशांकडे आणतात, पण पिल्ले दाटली तर उतरण थांबवतात. सातव्या दिवशी ब्रॉयलर पिल्लाचे वजन पहिल्या दिवसाच्या चौपट व्हावे, म्हणजे ४२ ग्रॅमचे सुमारे १७० ग्रॅम. अंड्यांच्या जातीच्या पिल्लांना हा दंडक लागू नाही; ती आठवड्यात साधारण दुपटीच्या आसपासच पोचतात.