उशिरा जेवल्याने आधी वाढते ती भूक

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराचं रात्रीचं जेवण घड्याळावर नाही, शटरवर अवलंबून असतं. नऊ-साडेनऊला गिऱ्हाईक आटोपायचं, गल्ला मोजायचा, घरी येऊन हातपाय धुवायचे. ताट समोर येईतो पावणेअकरा. बाराला झोप. सकाळी पोट जड, म्हणून नुसता चहा. आमच्या दाजींचा हा वर्षानुवर्षांचा क्रम आहे आणि पोटावर हात फिरवत त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "खातोय तेवढंच की रं, मग हे वाढतंय कशानं?"

घरातल्यांचं उत्तरही ठरलेलं असतं: सकाळी नाष्टा करत नाही म्हणून. आधी हेच निकालात काढू, कारण यात फारसं तथ्य नाही. नाष्टा न करणाऱ्यांची वजनं सरासरीने जास्त असतात, हे पाहण्यांमध्ये दिसतं खरं. पण अशा लोकांमध्ये कमी झोप, सिगारेट, हालचालीचा अभाव यांचंही प्रमाण जास्त असतं, त्यामुळे दोष नाष्ट्याचा की बाकीच्या सवयींचा, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात: या गटाने नाष्टा करायचा, त्या गटाने नाही. अशा १३ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. नाष्टा सोडणाऱ्यांचं वजन वाढलं नव्हतं. उलट नाष्टा करणाऱ्यांपेक्षा ते सरासरी अर्धा किलोच्या आतबाहेर कमीच भरलं. नाष्टा करणारे दिवसाला सुमारे २६० कॅलरी जास्त खात होते. हे प्रयोग बहुतेक थोड्या आठवड्यांचे आणि दर्जाने यथातथाच होते, तेव्हा ‘नाष्टा सोडा, बारीक व्हा’ असाही त्याचा अर्थ नाही. पण सकाळच्या रिकाम्या पोटाने चरबी साठते, ही समजूत मात्र त्यात टिकली नाही.

खरी गंमत पुढे आहे. सकाळचं टाळलेलं खाणं दिवसाच्या दुसऱ्या टोकाला सरकतं तेव्हा काय होतं?

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये याचं उत्तर फार काटेकोरपणे शोधलं. माणसं फक्त १६, सगळी वजनाने जास्त किंवा स्थूल. प्रत्येकाने प्रयोगशाळेत दोनदा मुक्काम केला. एका मुक्कामात जेवणं लवकर, तर दुसऱ्यात तीच जेवणं सुमारे चार तास पुढे ढकललेली. म्हणजे उशिराच्या वेळापत्रकात सकाळ कोरडी जायची आणि शेवटचं जेवण झोपण्याआधी अडीचेक तासांवर यायचं. बाकी सगळं सारखं: तेच पदार्थ, तेवढंच माप, झोपेचे तास तेच, उजेड तोच, हालचालही तेवढीच. फ्रीज उघडून काही तोंडात टाकायची सोय नव्हती. थोडक्यात, दाजींचं ‘खातोय तेवढंच की’ इथे अक्षरशः खरं करून दाखवलं होतं.

तर मग फरक काय पडला? सर्वांत ठळक बदल भुकेत झाला. उशिराच्या वेळापत्रकात ‘भूक लागली आहे’ असं सांगण्याची शक्यता दुपटीने वाढली. रक्तात त्याचं कारण सापडत होतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि ते मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवतं. लेप्टिनची जागेपणीची पातळी उतरली होती. जठरातून येणारं आणि भूक चेतवणारं घ्रेलिन त्या मानाने वरचढ झालं होतं. खावंसं काय वाटतं, हेही विचारलं होतं. पिष्टमय पदार्थ आणि मांसाहार यांची ओढ वाढलेली दिसली. (कोल्हापुरात त्या ओढीला उशिराचं जेवण लागतं असं नाही, पण ते असो.)

दुसरा बदल शरीराच्या खर्चात होता. जागेपणी शरीर जी ऊर्जा जाळतं ती सुमारे ५ टक्क्यांनी घटली. कॅलरीत सांगायचं तर दिवसाला ६० च्या आसपास. शरीराचं तापमानही किंचित उतरलं. काही जणांच्या कातडीखालच्या चरबीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा त्या पेशींमधल्या जनुकांचा कल चरबी मोडण्याकडून साठवण्याकडे झुकलेला दिसला.

वर्तमानपत्रांनी उचलली ती ही ६० कॅलरींची गोष्ट. साठ कॅलरी म्हणजे दोन चमचे साखर घातलेला एक लहान कप दुधाचा चहा, फार तर. कागदावर वर्षभराची बेरीज केली तर जवळपास २२ हजार कॅलरी, म्हणजे पावणेतीन किलो चरबी होते. पण शरीर असा सरळ गुणाकार पाळत नाही, आणि प्रत्येक मुक्काम होता सहा दिवसांचा. सहा दिवसांत दिसलेली घट सहा महिने टिकते का, हे त्यातून ठरत नाही.

त्याच वर्षी, बोस्टनचा प्रयोग छापणाऱ्या ‘सेल मेटाबॉलिझम’ याच नियतकालिकात स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठाचा प्रयोग आला, आणि तो या खर्चाच्या बाजूलाच येऊन भिडला. तिथे ३० जण होते. चार आठवडे त्यांनी दिवसाच्या ४५ टक्के कॅलरी सकाळी आणि २० टक्के रात्री घेतल्या. दुसऱ्या चार आठवड्यांत उलट, सकाळी २० आणि रात्री ४५. दुपारचे ३५ टक्के कायम. वजन कमी करण्यापुरतं मोजून केलेलं सगळं अन्न संशोधकांनीच पुरवलं होतं, मात्र माणसं राहत होती आपापल्या घरी.

घरी वावरणाऱ्या माणसाची जळलेली ऊर्जा मोजायची कशी? त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. माणसाला खास पाणी प्यायला देतात, ज्यातले काही हायड्रोजन आणि ऑक्सिजन अणू नेहमीपेक्षा जड असतात. किरणोत्साराचा त्यात काही संबंध नाही. जड हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो फक्त पाण्यावाटे, म्हणजे लघवी, घाम, श्वासातली वाफ यांतून. जड ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. म्हणून तो लवकर संपतो. लघवीचे नमुने घेऊन दोघांच्या घटण्यातला फरक काढला की शरीराने किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते कळतं, आणि त्यावरून किती इंधन जाळलं तेही. ना यंत्र अंगाला बांधायचं, ना खोलीत कोंडून ठेवायचं.

उत्तर आलं: खर्चात फरक नाही. वजन दोन्ही वेळा तीन किलोहून थोडं जास्त, जवळजवळ सारखंच उतरलं. सकाळी भरपूर जेवणाऱ्याचं शरीर जास्त जाळतं, ही लाडकी कल्पना इथे उभी राहिली नाही. पण एक गोष्ट बोस्टनशी जुळली. सकाळी जास्त खाल्लं त्या आठवड्यांत दिवसभर भूक कमी लागली.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की माझ्या मते चित्र बरंच स्पष्ट होतं. खर्चावरचा वेळेचा परिणाम लहान आहे आणि वादाचा आहे. भुकेवरचा परिणाम मात्र दोन्हीकडे दिसला. प्रयोगात ताट मोजून मिळत होतं, म्हणून वाढलेली भूक वजनापर्यंत पोचली नाही. घरी ताट मोजून कोण देतं?

दाजींच्याच एका दिवसाचा हिशेब ताईने आणि मी मांडला. सकाळी सातला चहा. दहाला दुकान. गिऱ्हाइकांच्या गर्दीत डबा उघडला तीनला, त्यात दोन चपात्या आणि भाजी. साडेसहाला चहाबरोबर भडंग. इथवर काही जास्त नाही, उलट कमीच. आता रात्र. घरी आल्यावर ताट वाढेपर्यंत ओट्याजवळ उभ्यानेच मूठभर शेंगदाणे. ३० ग्रॅम धरले तरी १७० कॅलरी. मग दोन ऐवजी तीन भाकऱ्या. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे आणखी १७०. वर आमटी-भात. आणि जेवणानंतर कधीमधी फेरफटका मारत गंगावेशीत जाऊन दुधाचा ग्लास. नुसते शेंगदाणे आणि ती तिसरी भाकरीच ३४० कॅलरी होतात, त्या साठाच्या पाचपटीहून जास्त. दाजींना हे खाल्लेलं आठवतच नव्हतं, कारण त्यांच्या लेखी जेवण म्हणजे ताटावर बसल्यानंतरचं.

दुकान लवकर बंद करा, हा सल्ला देण्यात अर्थ नव्हता. बदलली ती वाटणी. डबा दीडला, त्यात एक चपाती आणि वाटीभर मटकीची उसळ जास्त. साडेसहाला भडंगाऐवजी दुसरा छोटा डबा: एक भाकरी, पिठलं किंवा अंडं. रात्री एक भाकरी, भाजी, ताक. सकाळच्या नाष्ट्याची सक्ती केली नाही. सकाळी खरंच भूक नसेल तर ढकलून खाण्याला आधार नाही. हा उपाय लागू पडतोय का, हे वजनकाट्याआधी भुकेवरून कळतं: रात्री घरी आल्यावर हात शेंगदाण्याच्या डब्याकडे जातो की थेट ताटाकडे. "आता रात्री तेवढी वखवख हुईत न्हाई," असं दाजी म्हणाले तेव्हा काट्यावर अजून काहीच हललं नव्हतं.

काट्याचं म्हणाल तर रविवारचा मटणाचा बेत आणि दोन वाट्या तांबडा रस्सा झाल्यावर सोमवारी वजन किलोभर वर दिसू शकतं. ते बहुतांशी मिठाने धरलेलं पाणी आणि पोटातलं अन्न असतं, चरबी नव्हे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर मोजावं आणि महिन्याचा कल पाहावा.

उशिराच्या जेवणाचा वजनाहून वेगळा, आणि कदाचित जास्त महत्त्वाचा परिणाम रक्तातल्या साखरेवर होतो. २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २० निरोगी तरुणांना तेच जेवण एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला दिलं. झोप दोन्ही वेळा अकराला. दहाच्या जेवणानंतर साखरेचा सर्वोच्च बिंदू सुमारे १८ टक्क्यांनी वर गेला आणि रात्रीत जळणारी चरबी १० टक्क्यांच्या आसपास कमी झाली. झोपेची वेळ जवळ आली की मेलाटोनिन वाढतं, आणि त्या अवस्थेत स्वादुपिंड इन्सुलिन सोडायला संथ होतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. परिणाम सगळ्यांवर सारखा नव्हता. एरवी लवकर झोपणाऱ्यांना जास्त बाधला. उशिरा झोपायची सवय असलेल्यांना फारसा नाही. दाजी बाराला झोपतात, तेव्हा त्यांचे पावणेअकरा आणि नऊला झोपणाऱ्या त्यांच्या आईचे पावणेअकरा एक नव्हेत.

मात्र त्या आईंना मधुमेह आहे आणि त्या ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. त्यांच्यासाठी जेवणाच्या वेळेचा प्रश्न वजनाचा राहतच नाही. ही गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं किंवा फार लांबवलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते: हातांना कंप, दरदरून घाम, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं. असं झालं तर माणूस शुद्धीवर आहे, गिळू शकतो आहे हे पाहून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. आणि जेवणाच्या वेळा बदलायच्याच असतील, तर गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यायची.