वजन तेवढंच, पोट मात्र आत

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला होता. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३; म्हणजे तक्त्यानुसार दोघेही अगदी योग्य वजनाचे. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं अशी माणसं घरोघरी दिसतात. त्यांनी नुसतं वजन उतरवलं तर आधीच कमी असलेला स्नायू आणखी घटतो, आणि ‘तब्येत करायची’ म्हणून भरपूर खाल्लं तर पोट वाढतं. अशांसाठी तिसरा मार्ग आहे: दिवसभरात खर्च होतील तेवढ्याच कॅलरी खाऊन वजन जवळपास आहे तिथेच ठेवायचं आणि वजनं उचलून चरबी घटवत स्नायू वाढवायचा.

यावर पहिली शंका येते ती हिशोबाची. खाणं खर्चाएवढंच असेल तर चरबी जाईल कशी? मेख अशी की एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, तर एक किलो स्नायूत जेमतेम दीड हजार, कारण स्नायूचा तीनचतुर्थांश भाग पाणीच असतो. त्यामुळे काटा हलला नाही तरी शरीरातला ऊर्जेचा साठा कमी झालेला असू शकतो.

समजा, ३४ वर्षांचा, बैठं काम करणारा, कधीच वजनं न उचललेला एक पुरुष आहे. वजन ६८ किलो, कंबर ९२ सेंटीमीटर. (भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९० मानतात, बायकांसाठी ८०.) सोळा आठवड्यांत त्याची दोन किलो चरबी गेली आणि दीड किलो स्नायू आला, तर काट्यावर फक्त अर्धा किलो कमी दिसेल. ऊर्जेची तूट मात्र बारा-तेरा हजार कॅलरींची, म्हणजे दिवसाला शंभराच्या आसपास. एका पोळीइतकी! म्हणून ‘खर्चाएवढं खा’ याचा व्यवहारातला अर्थ खर्चाच्या किंचित खाली असा होतो. हा खर्च ॲपच्या आकड्यावरून धरू नये. दोन आठवडे नेहमीचं खाणं लिहून ठेवावं आणि रोज सकाळी वजन करावं. आठवड्याची सरासरी स्थिर राहिली, तर तेच खाणं म्हणजे आपला खर्च.

खरी अडचण प्रथिनांची. किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर या गृहस्थाला दिवसाला सुमारे ११० ग्रॅम लागतात. दोन वाट्या वरण आणि चार पोळ्यांतून पंचवीसच्या आसपास मिळतात. त्यात तीन अंडी, शंभर ग्रॅम पनीर, पन्नास ग्रॅम सोया चंक्स, दही आणि पेलाभर दूध घातलं की शंभरी गाठते. हे सगळं भात, तेल आणि फरसाणाच्या जागी यायला हवं; वरून घातलं तर फक्त कॅलरी वाढतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

वजनांचा व्यायाम आठवड्यातून तीनदा पुरतो: स्क्वॅट, बेंच प्रेस, बारबेल रोइंग, डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस. प्रत्येकी तीन सेट म्हणजे फेऱ्या, दर फेरीत ८ ते १२ रेप्स म्हणजे आवर्तनं, आणि सेट संपताना अंगात एक-दोन रेप्सच शिल्लक राहतील इतकं वजन. तिन्ही सेटमध्ये बारा जमले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे. वही ठेवायलाच हवी. वजन आणि रेप्स लिहिले नाहीत तर नुसता घाम निघतो.

पहिल्या महिन्यात ताकद झपाट्याने वाढते, पण ती बहुतांशी मज्जासंस्थेची करामत असते. याच काळात काटा किलोभर वरही जाईल, कारण स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखर आणि त्यासोबत पाणी साठतं. इथेच बहुतेक जण घाबरून जेवण तोडतात. सहा-आठ आठवड्यांनी कंबर एखाद-दोन सेंटीमीटर उतरते, पट्टा एक भोक आत जातो, शर्ट खांद्यात भरतो. आरशात फरक दिसायला तीन-चार महिने लागतात. सहा महिन्यांत दोन-तीन किलो स्नायू ही नवख्या पुरुषासाठी चांगली मजल. बायकांमध्ये साधारण निम्मी.

कंबर सकाळी, श्वास सोडून, बेंबीपाशी, दर आठवड्याला एकाच पद्धतीने मोजावी. जिममधल्या चरबी सांगणाऱ्या यंत्रावर विसंबू नये. पाणी कमीजास्त प्यायलं तरी त्याचा आकडा बदलतो. वहीतले आकडे चढत असतील आणि कंबर उतरत असेल तर काट्याकडे दुर्लक्ष करा. वहीतले आकडे आणि कंबर दोन्ही वाढत असतील तर खाणं जास्त होतंय, दीडशे कॅलरी कमी करा. वजन घटतंय आणि व्यायामाचा बारही जड वाटू लागलाय, तर खाणं, प्रथिनं किंवा झोप यांतलं काहीतरी अपुरं पडतंय.

एकाच वेळी चरबी घटवून स्नायू वाढवण्याची ही सवलत नवख्यांना, चरबी जास्त असणाऱ्यांना किंवा खंडानंतर परतलेल्यांनाच भरभरून मिळते. दोन-तीन वर्षं नेमाने वजनं उचलणाऱ्या सडपातळ माणसाला खर्चाएवढं खाऊन सहा महिन्यांत मोजता येईल इतका फरकही कदाचित दिसणार नाही. त्याने काही महिने दोन-अडीचशे कॅलरी जास्त खाऊन स्नायू वाढवावा आणि नंतर कमी खाऊन चरबी उतरवावी.