एकोणीस किलोचा बोकड आणि त्याची करडं: R = h²S या समीकरणामागची गोष्ट

पुण्याहून नगर रस्त्याने शिरूर तालुक्यात गेलं की उस्मानाबादी शेळ्यांचे छोटे-मोठे कळप दिसू लागतात. अशाच एका गोठ्यात दावणीच्या वर ताणकाटा टांगलेला होता. करडू झोळीत घालायचं, काट्याला अडकवायचं आणि आकडा वहीत लिहायचा, असं काम चाललं होतं. सहा महिन्यांचा एक बोकड एकोणीस किलो भरला. त्या वयाच्या सगळ्या करडांची सरासरी होती चौदा. मालकाने तो चाकणच्या बाजारात न विकता पैदाशीला ठेवायचं ठरवलं आणि मला विचारलं, "दादा, ह्याची करडं पण एकोणीसची निघतील ना?"

नाही निघणार. पण मग किती किलोची निघतील? हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षं जुना आहे आणि त्याचं उत्तर टप्प्याटप्प्याने सापडत गेलं.

पहिला टप्पा माणसांच्या उंचीचा. फ्रान्सिस गाल्टनने इंग्लंडमधल्या 205 जोडप्यांची आणि त्यांच्या 928 प्रौढ मुलांची उंची गोळा करून 1886 मध्ये निष्कर्ष मांडला. आईवडिलांची मिळून सरासरी लोकांच्या सरासरीपेक्षा तीन इंच जास्त असेल, तर मुलांची सरासरी साधारण दोनच इंच जास्त भरत होती. एक तृतीयांश वाढ वाटेतच गळत होती. आकडा बरोबर होता, पण त्याचं कारण गाल्टनने चुकीचं लावलं. आजे-पणजे नातवंडांना मागे ओढतात, असं त्याला वाटलं. ते खरं असतं तर निवड करून मिळालेला फायदा पुढच्या पिढ्यांत हळूहळू विरून गेला असता.

खरं कारण कळायला घेवड्याच्या बिया कामी आल्या. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेनने प्रिन्सेस जातीच्या घेवड्याचे 19 दाणे निवडले आणि प्रत्येकाचा वंश वेगळा वाढवला. घेवड्यात स्वपरागण होतं, त्यामुळे एका वंशातली सगळी झाडं आनुवंशिकदृष्ट्या जवळपास एकसारखी होती. वेगवेगळ्या वंशांच्या दाण्यांचं सरासरी वजन मात्र बरंच वेगळं होतं. सर्वांत जड वंशाचा दाणा साधारण 64 सेंटिग्रॅमचा, तर सर्वांत हलक्याचा 35 चा. मग त्याने एकाच वंशातले मोठे दाणे वेगळे पेरले, लहान वेगळे, आणि हे वर्षानुवर्षं केलं. दोन्हींची पिकं सारखीच आली. वंशाच्या आत दिसणारा फरक शेंगेतली जागा, ओल, झाडाचं वय यांतून आलेला होता. तो दाण्याच्या बाहेरचा होता, म्हणून पुढच्या पिढीत उतरला नाही. 1903 मध्ये छापलेला हा प्रयोग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. घरच्या गव्हाची मोठी ओंबी बियाण्यासाठी बाजूला काढणारे आपल्याकडे अनेक आहेत. गहूही स्वपरागणाचा. वाण शुद्ध असेल तर त्या निवडीने भेसळ टळते, दाणा भरदार मिळतो, पण वाण सुधारत नाही. म्हणून तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी गव्हाचा नवा वाण करताना आधी दोन वाणांचा संकर करून वेगळेपण तयार करावं लागतं. निवड त्यानंतर सुरू होते.

पुढे रोनाल्ड फिशरने 1918 मध्ये दिसणाऱ्या फरकाची वाटणी गणिताने करून दाखवली. त्यातला काही भाग आईबापांकडून मुलांत थेट उतरतो, उरलेला उतरत नाही. सिवॉल राइटने त्याच सुमारास वेगळ्या वाटेने हेच काम केलं, आणि समीकरणातलं h त्याच्या पद्धतीतून आलं. ते गोठ्यापर्यंत आणलं जे लश यांनी. अमेरिकेत आयोवातल्या एम्स इथे ते पशुपैदास शिकवत. 1931 मध्ये ते राइटची व्याख्यानं ऐकायला शिकागोला गेले आणि 1937 मध्ये पैदाशीच्या नियोजनावर त्यांचं पुस्तक आलं. पैदासकाराचं समीकरण म्हणून आज जे शिकवतात त्याचं मूळ तिथे आहे:

```
R = h² × S
```

S म्हणजे निवडलेले आईबाप कळपाच्या सरासरीहून किती पुढे आहेत तो फरक. h² म्हणजे आनुवंशिकता, म्हणजेच त्या फरकातला पुढे उतरणारा वाटा. R म्हणजे पुढच्या पिढीची सरासरी किती सरकेल तो आकडा.

आता शिरूरच्या वहीकडे येऊ. बोकड सरासरीहून 5 किलो पुढे. पण करडाला निम्मा वारसा आईचा असतो, आणि शेळ्या फारशा गाळता येत नाहीत. समजा ठेवलेल्या शेळ्या त्यांच्या सहाव्या महिन्यात सरासरीहून फक्त 1 किलो पुढे होत्या. तर S म्हणजे 5 आणि 1 ची सरासरी, 3 किलो. करडांच्या वजनाची आनुवंशिकता साधारण 0.2 ते 0.4 धरतात, आपण 0.3 घेऊ. R येतो 0.9 किलो. एकोणीसच्या बोकडाची करडं सरासरी 14.9 ची.

हे उत्तरही थोडं फुगलेलं आहे, आणि चूक वहीतच सापडली. त्या कळपात दर शंभरात चाळीस करडं एकटी जन्मलेली होती आणि साठ जुळी. एकट्याला आईचं सगळं दूध मिळतं, म्हणून एकट्यांची सरासरी 15.5 होती आणि जुळ्यांची 13. आपला बोकड एकटा जन्मलेला. म्हणजे आपल्या बरोबरीच्यांत तो 5 नव्हे, 3.5 किलोच पुढे. त्याच वहीत 17.5 किलोचा एक जुळा बोकड होता, तो आपल्या बरोबरीच्यांत 4.5 किलो पुढे. मालकाने त्याला विक्रीच्या यादीत टाकलं होतं. नुसत्या वजनावर निवड करत गेलं की नकळत एकटीच करडं निवडली जातात, आणि जुळी देण्याचा उस्मानाबादीचा गुण कळपातून हळूहळू कमी होऊ शकतो. शेळ्यांचे आकडेही तसेच दुरुस्त केले तर त्या अर्धा किलो पुढे निघाल्या. एकटा जन्मलेला बोकडच ठेवला तर S उरतो 2 आणि R उरतो 0.6 किलो.

हे खरंच घडलं का, हे तपासायचं कसं? पुढचं वर्ष दुष्काळी निघालं आणि नव्या करडांची सरासरी 13.1 भरली, तर जुन्या 14 शी तुलना करून निवड वाया गेली असं कोणीही म्हणेल. म्हणून काही शेळ्या निवड न करता ठेवायच्या, साधा बोकड लावायचा, आणि त्याच महिन्यांत, त्याच चाऱ्यावर त्यांचीही करडं वाढवून जोखायची. ती 12.5 भरली तर निवडीचा फायदा 0.6 किलो. त्याला S च्या 2 ने भागलं की 0.3 येतात, म्हणजे धरलेली आनुवंशिकता या कळपातही खरी ठरली. फक्त वीस-वीस करडांवर हा निकाल देऊ नये. एवढ्या थोड्या जनावरांत अर्ध्या किलोचा फरक योगायोगानेही दिसतो. दोन-तीन वेतांचे आकडे एकत्र करावे लागतात.

मिळालेला 0.6 मात्र टिकतो. पोटचीच जनावरं एकमेकांना लावली नाहीत, तर पुढची पिढी परत 14 वर घसरत नाही. तिची मोजणी नव्या सरासरीपासून सुरू होते. मालकाने वहीत आणखी एक रकाना आखला आहे, "एकटं की जुळं" असा. जुळा बोकड विक्रीच्या यादीतून खोडला आहे.