कॉन्फिडन्स इंटरव्हल शिकवण्याची नकली मतचाचणी

समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा विषयांच्या एमएच्या मुलांना कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजेच विश्वास अंतराल समजावताना वापरतात ती पद्धत. पाठिंब्याची खरी टक्केवारी शिक्षकाला आधीच माहीत असते, त्या लोकसंख्येतून प्रत्येक मुलाने स्वतःचा सँपल काढायचा आणि स्वतःचा ९५ टक्क्यांचा इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्यात सापडावा असा पट्टा, फळ्यावर मांडायचा. सूत्र सगळ्यांना येतं, अडचण असते ती अर्थाची.

या अर्थाचा घोळ कल्पनेच्या जन्मापासूनचा आहे. पाहणीतून पट्टा काढायची रीत जुनी, लाप्लासने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तसे पट्टे काढलेले होते, पण त्यामागे व्यस्त संभाव्यतेचा विचार होता, म्हणजे डेटा बघून अज्ञात आकड्याबद्दलच संभाव्यता बोलायची. त्यामुळे काही जण सुरुवात तिथून धरतात. आजच्या अर्थाने मात्र १९३४ साली संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेला निबंध आणि १९३७ चा सविस्तर सिद्धांत हीच सुरुवात मानणं जास्त सयुक्तिक वाटतं, कारण 'विश्वास' हा पद्धतीवरचा, एका पट्ट्यावरचा नाही, हे तिथे स्पष्ट झालं. नेमन यांना आधी आपलं काम रोनाल्ड फिशर यांच्या १९३० च्या फिड्युशियल कल्पनेचाच, म्हणजे आधीची धारणा न धरता डेटावरूनच अज्ञात आकड्याबद्दल संभाव्यता बोलायच्या कल्पनेचाच, विस्तार वाटत होतं, नंतर दोघांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या. १९३४ च्या त्या चर्चेत संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाऊली यांनी तर हा 'कॉन्फिडन्स' म्हणजे कॉन्फिडन्स ट्रिक, लोकांना फसवायची युक्ती तर नाही ना, अशी शंकाही घेतली होती. म्हणजे एमएच्या वर्गात जो प्रश्न अडतो तो तेव्हाच्या मोठमोठ्या लोकांनाही अडला होता.

आता प्रयोगाची पहिली फेरी. समजा खरा पाठिंबा ४६ टक्के आहे, हा आकडा बंद पाकिटात ठेवायचा, आणि प्रत्येकाने ४०० जणांची चाचणी घ्यायची. शंभर चाचण्या एकदम करायच्या तर आर या संगणकभाषेत एवढं पुरतं:

```
p <- 0.46; n <- 400
x <- rbinom(100, n, p) / n
e <- 1.96 * sqrt(x * (1 - x) / n)
sum(x - e <= p & p <= x + e)
```

शेवटची ओळ किती पट्ट्यांत ४६ सापडले ते सांगते. उत्तर दर वेळी ९५ च येत नाही, ९१ पासून ९९ पर्यंत काहीही येऊ शकतं, आणि ९३ आलं की कोड चुकला असं मुलांना वाटतं म्हणून हे आधीच सांगून ठेवावं.

समजा एका मुलीला ४०० पैकी १६२ होकार मिळाले, म्हणजे ४०.५ टक्के. तिचा इंटरव्हल साधारण ३५.७ ते ४५.३. पाकीट उघडायच्या आधी तिला विचारायचं, खरा आकडा या पट्ट्यात असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ९५ टक्के म्हणतात. मग पाकीट उघडायचं. ४६ बाहेर आहे, शक्यता वगैरे काही उरतच नाही, तिचा पट्टा चुकलेल्यांपैकी एक. आणि मुख्य मुद्दा असा की पाकीट उघडायच्या आधीही तो चुकलेलाच होता, आपल्याला माहीत नव्हतं इतकंच. ९५ हा आकडा शंभर पट्ट्यांच्या रांगेचा आहे. पट्ट्याबद्दलच संभाव्यता बोलायची असेल तर बेजच्या पद्धतीचा इंटरव्हल लागतो आणि त्यासाठी आधीची धारणा मांडावी लागते.

गैरसमज फक्त विद्यार्थ्यांचा नाही. २०१४ मध्ये हुकस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी १२० संशोधक आणि ४४२ विद्यार्थ्यांना सहा विधानं दिली, सहाही चुकीची होती, तरी दोन्ही गटांनी सरासरी तीनपेक्षा जास्त विधानं बरोबर धरली. विधानांच्या शब्दरचनेवर पुढे आक्षेपही आले, पण घोळ आहे हे नाकारता येत नाही.

दुसरा नेहमीचा गैरसमज असा की पुढची चाचणी घेतली तर तिचा आकडा ९५ टक्के वेळा याच पट्ट्यात पडेल. तेही खरं नाही, कारण पहिली चाचणीही हललेली असते आणि दुसरीही हलते, त्यामुळे सरासरी हे प्रमाण ८३ टक्क्यांच्या आसपास येतं. शेजारच्याचा आकडा आपल्या पट्ट्यात पडतो का हे प्रत्येकाने दुसऱ्या फेरीत मोजलं की दिसतं.

तिसरी फेरी बऱ्याच ठिकाणी गाळतात, ती गाळू नये. यात पाठिंबा देणाऱ्यांपैकी ४० टक्केच उत्तर देतात आणि विरोधकांपैकी ५० टक्के, असं ठरवायचं. मग चाचणीत दिसणारा पाठिंबा ४६ ऐवजी ४०.५ च्या आसपास येतो. ४०० उत्तरं असतील तर शंभरातले जेमतेम ४० पट्टे ४६ ला गाठतात. मुलं लगेच म्हणतात सँपल वाढवू, तर ४,००० करून बघायचं: पट्टा अरुंद होऊन साधारण ३९ ते ४२ होतो आणि जवळपास एकही ४६ ला पोचत नाही. सूत्रातला मार्जिन फक्त सँपलिंगच्या चढउताराचा असतो, कोण उत्तरच देत नाही हे त्याला कळत नाही. खऱ्या चाचणीत पाकीट उघडायची सोय नसते, त्यामुळे तिथे वय, शिक्षण अशा माहीत असलेल्या प्रमाणांशी सँपल ताडून बघणं हाच अंदाज घ्यायचा मुख्य मार्ग राहतो आणि तोही अपुराच असतो.