डावे-उजवे (राजकीय विभागणी)

राजकीय पक्ष व विचारसरणी यांची एका सरळ रेषेवर मांडणी करण्याची पद्धत. रेषेच्या डाव्या टोकाकडे समतेचा, पुनर्वाटपाचा आणि प्रस्थापित उतरंडी मोडण्याचा आग्रह धरणारे पक्ष ठेवले जातात; उजव्या टोकाकडे परंपरा, खासगी मालमत्ता आणि स्थिर सामाजिक रचना जपू पाहणारे पक्ष येतात. वर्तमानपत्री भाषेत ही मांडणी सोयीची आहे, परंतु पक्षाचे प्रत्यक्ष धोरण ओळखण्यासाठी ती अनेकदा अपुरी पडते.

या शब्दांचा उगम 1789च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेतील आसनव्यवस्थेत आहे. विधिमंडळाने संमत केलेला कायदा नाकारण्याचा अधिकार राजाला असावा का, या प्रश्नावर सभासद विभागले गेले. राजाला पूर्ण नकाराधिकार देण्याच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला, तर त्याला विरोध करणारे डाव्या हाताला बसू लागले. प्रश्न एकच असल्याने एका रेषेने काम भागले. पुढे पक्षांना कर, धर्म, शाळा, परराष्ट्र धोरण, स्थलांतर अशा असंख्य प्रश्नांवर भूमिका घ्यावी लागली, तरीही रेषा मात्र एकच राहिली. आर्थिक प्रश्नावर डावे असलेले लोक नैतिक आणि राष्ट्रीय प्रश्नांवरही डावेच असतील, हे गृहीतक तिच्यात दडलेले आहे, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

पोलंडच्या उदाहरणावरून ही अडचण स्पष्ट होते. कम्युनिस्ट पक्षाचा वारसा सांगणाऱ्या डेमोक्रॅटिक लेफ्ट अलायन्सच्या नेतृत्वाखालील सरकारने 2004पासून कंपन्यांवरील आयकर 27 टक्क्यांवरून 19 टक्क्यांवर आणला. याउलट कॅथलिक परंपरेचा व राष्ट्रवादाचा पुरस्कार करणाऱ्या, सर्वत्र उजवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लॉ अँड जस्टिस पक्षाने 2016मध्ये मुलामागे दरमहा 500 झ्लॉटी देणारी योजना सुरू केली. आरंभी सर्वसाधारण कुटुंबांना ती दुसऱ्या मुलापासून लागू होती आणि 2019मध्ये ती पहिल्या मुलापर्यंत वाढवण्यात आली. आधीच्या उदारमतवादी सरकारने 2012मध्ये निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने 67पर्यंत नेण्याचा कायदा केला होता. तो मोडून याच पक्षाने ते 2017मध्ये पुन्हा स्त्रियांसाठी 60 आणि पुरुषांसाठी 65 केले. केवळ खिशाचा विचार करणाऱ्या मतदाराला येथे ‘डावा’ पक्ष कर कमी करणारा आणि ‘उजवा’ पक्ष सरकारी तिजोरीतून पैसे वाटणारा दिसतो. दोन्ही पक्षांची नावे चुकलेली नाहीत. ती वेगवेगळ्या निकषांवर दिलेली आहेत, इतकेच. एकाला वारशामुळे डावा म्हटले जाते, तर दुसऱ्याला धर्म आणि राष्ट्र यांविषयीच्या भूमिकेमुळे उजवा.

पक्षाचे स्थान आकड्यात मोजू पाहणाऱ्या अभ्यासकांनाही हाच गुंता छळतो. जाहीरनाम्यांच्या तौलनिक अभ्यासाच्या एका प्रसिद्ध आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जाहीरनाम्यातील प्रत्येक विधान ठरावीक विषयवर्गात टाकले जाते. त्यांपैकी 13 वर्ग डावे आणि 13 वर्ग उजवे मानले आहेत. उजव्या विधानांच्या टक्केवारीतून डाव्यांची टक्केवारी वजा केली की पक्षाचा गुणांक मिळतो. आता समजा, एका पक्षाची 30 टक्के विधाने कल्याणकारी योजनांवर आणि 30 टक्के विधाने पारंपरिक नीतिमूल्ये व कायदा-सुव्यवस्था यांवर आहेत. त्याचा गुणांक शून्य येतो. दुसरा पक्ष या दोन्हींवर प्रत्येकी पाचच टक्के बोलतो आणि उरलेला जाहीरनामा रस्ते व शेतीवर खर्च करतो. त्याचाही गुणांक शून्यच. पहिला पक्ष दोन्ही बाजूंनी ठाम आहे, दुसरा गप्प आहे, पण कागदावर दोघेही ‘मध्यममार्गी’ ठरतात. शिवाय पर्यावरण संरक्षणाचा वर्ग या गणितात कोणत्याच बाजूला धरलेला नाही, त्यामुळे हरित पक्षांची मुख्य भूमिकाच मोजणीबाहेर राहते.

म्हणून अनेक अभ्यासक आर्थिक प्रश्नांसाठी एक आणि परंपरा, राष्ट्र, व्यक्तिस्वातंत्र्य यांसाठी दुसरी अशा दोन रेषा वापरतात. त्याने पोलंडसारखी उदाहरणे सुटी होतात, पण दोहोंपैकी कोणत्या रेषेला मतदार अधिक महत्त्व देतो हे अशा नकाशावरून कळत नाही, आणि निवडणुकीचा निकाल बहुधा त्यावरच फिरतो.

रेषेवरील जागा स्थिरही नसते. फ्रान्समधील रॅडिकल पक्ष 1901मध्ये स्थापन झाला, तेव्हा चर्चच्या सत्तेविरुद्ध उभा असल्यामुळे तो डावा मानला जाई. त्यानंतर समाजवादी आणि 1920मध्ये कम्युनिस्ट असे पक्ष त्याच्या डावीकडे येऊन बसले. खासगी मालमत्तेबाबत त्याचे म्हणणे जवळजवळ तेच राहिले, तरी त्याची ओळख हळूहळू मध्यममार्गी अशी झाली. नावातला ‘रॅडिकल’ म्हणजे जहाल हा शब्द मात्र त्याने सोडला नाही.